पाच पावत्या, पाच वर्षं: मुदत ठेवींची शिडी कशी बांधायची

२०१५ च्या सुरुवातीला मोठ्या सरकारी बँकेत पाच वर्षांच्या मुदत ठेवीवर साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. त्या वेळी कुणी २५ लाख रुपये एकाच पावतीत ठेवले असतील, तर वर्षाला सुमारे २ लाख १२ हजार, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजारांच्या वर व्याज हातात येत असे. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. २०२० मध्ये पावतीची मुदत संपली. त्या वर्षी मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला होता आणि त्याच बँकेचा पाच वर्षांचा दर साडेपाचच्याही खाली गेला होता. ५.४ टक्के धरले तर तेच २५ लाख वर्षाला १ लाख ३५ हजार देणार, म्हणजे महिन्याला ११,२५०. मुद्दलातला एक रुपयाही बुडाला नाही, पण घरखर्चाला येणारे पैसे एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. शिवाय पुन्हा पाच वर्षांची पावती केली, तर तो पडलेला दर २०२५ पर्यंत गळ्यात. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२३ पर्यंत, रेपो दर पुन्हा साडेसहावर गेला, ठेवींचे दरही वाढले, पण या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता.

ठेव बुडण्याची भीती सगळ्यांना असते. ही दुसरी जोखीम, मुदत संपल्यावर पैसे पुन्हा कोणत्या दराने गुंतवावे लागतील याची, फारशी कुणी मोजत नाही. तिला पुनर्गुंतवणुकीची जोखीम म्हणतात. व्याजावर घर चालवणाऱ्याला तीच जास्त छळते, कारण शेअर बाजारासारखी ती रोज दिसत नाही, पाच वर्षांतून एकदाच दिसते.

यावर बरेच जण उलटा उपाय करतात. लांब मुदतीत अडकायला नको म्हणून सगळे पैसे एकेक वर्षाच्या पावतीत ठेवतात. मग दर चढला की लगेच फायदा मिळतो हे खरं, पण दर उतरला की पुढच्याच वर्षी संपूर्ण उत्पन्न खाली येतं. म्हणजे जोखीम गेली नाही, ती दरवर्षी समोर उभी राहू लागली.

शिडी या दोन टोकांच्या मधली आहे. रक्कम सारख्या भागांत वाटायची आणि प्रत्येक भागाची मुदत वेगवेगळ्या वर्षी संपेल अशी ठेवायची.

एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. वय ६४, पेन्शन तुटपुंजी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांची मर्यादा त्यांनी आधीच पूर्ण केली आहे (ती का आधी भरायची ते शेवटी सांगतो). जुनं घर विकून आलेले २५ लाख आता त्यांच्या खात्यावर पडून आहेत आणि त्यांच्या व्याजावर महिन्याचा किराणा, औषधं, वीजबिल भागवायचं आहे. त्या जून २०२६ मध्ये पाच-पाच लाखांच्या पाच पावत्या करतात: एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन, चार आणि पाच वर्षांची. सगळ्यांवर व्याज दरमहा बचत खात्यात. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्या मुदतींना ७ टक्के दर धरू. प्रत्येक पावतीचे वर्षाला ३५ हजार, पाचांचे मिळून १ लाख ७५ हजार. दरमहा व्याज घेतलं की बँक थोडी कपात करून देते, कारण तिचा मूळ हिशेब तिमाहीचा असतो, पण तो फरक लहान आहे, इथे सोडून देऊ.

जून २०२७ मध्ये पहिली पायरी मोकळी होते. इथे नव्या माणसाची हमखास गल्लत होते. एक वर्षाची पावती संपली म्हणून ती पुन्हा एक वर्षासाठी करायची नाही. ती आता पाच वर्षांसाठी करायची, म्हणजे ती जून २०३२ मध्ये संपेल. २०२८ मध्ये दुसरी संपेल, तीही पाच वर्षांसाठी, २०३३ पर्यंत. असं करत २०३० मध्ये चौथी पावती नवी झाली की बाईंकडे पाचही पावत्या पाच वर्षांच्या असतात, आणि तरीही दर जूनमध्ये एक पावती मोकळी होते. मुदत लांब पण पैसे दरवर्षी हाताशी, ही शिडीची खरी कमाई.

आता दर हलला की काय होतं ते पाहू. समजा पावत्या केल्याबरोबर दर ७ वरून ५ वर आला आणि तिथेच थांबला. पहिल्या वर्षी बाईंचं उत्पन्न पूर्ण १ लाख ७५ हजार. दुसऱ्या वर्षी फक्त एका पावतीचं व्याज ३५ हजारांवरून २५ हजारांवर येतं, एकूण १ लाख ६५ हजार. मग १ लाख ५५ हजार, १ लाख ४५ हजार, १ लाख ३५ हजार, आणि सहाव्या वर्षी १ लाख २५ हजार. दरवर्षी दहा हजारांची घट, म्हणजे महिन्याला साधारण ८३० रुपये. त्रास आहेच, पण तो आधीपासून दिसतो. पुढच्या वर्षी किती कमी येणार हे आजच कागदावर लिहिता येतं आणि खर्च त्याप्रमाणे आवरता येतो.

या पाच वर्षांत शिडीने एकूण ७ लाख ७५ हजार दिले. सगळे पैसे एकाच पाच वर्षांच्या पावतीत असते, तर ८ लाख ७५ हजार मिळाले असते. म्हणजे शिडी इथे एक लाखाने हरली. एकेक वर्षाच्या पावत्या करणाऱ्याला मात्र ६ लाख ७५ हजारच मिळाले असते.

उलट दर ७ वरून ९ वर गेला असता तर? शिडीला ९ लाख ७५ हजार, एकाच लांब पावतीला तेच ८ लाख ७५ हजार, आणि एकेक वर्षवाल्याला १० लाख ७५ हजार. दोन्ही वेळा शिडी मधोमध. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण शिडीमुळे जास्त व्याज मिळतं असं अनेकदा सांगितलं जातं. तसं नाही. दर पुढे कुठे जाणार हे ज्याला पक्कं माहीत आहे त्याला शिडीची गरजच नाही. ज्याला माहीत नाही, आणि उत्पन्न एकदम कोसळलेलं परवडणार नाही, त्याच्यासाठी ती आहे. २०२० च्या त्या माणसाचं उदाहरण पुन्हा घ्या: त्याची शिडी असती तरी उत्पन्न घटलंच असतं, कारण २०१५ नंतर दर हळूहळू उतरतच होते. पण तळातल्या दराला त्याच्या पैशांपैकी पाचवा हिस्साच दरवर्षी अडकला असता, आणि २०२३ मध्ये मोकळी झालेली पावती चढलेल्या दराने नवी करता आली असती.

आता शिडी मोडते कशी ते सांगतो. बहुतेक वेळा ती कुणी मुद्दाम मोडत नाही, बँकेचा फॉर्म मोडतो. पावती करताना ‘मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण’ या चौकोनावर खूण असते, आणि आपोआप नूतनीकरण जुन्या मुदतीइतकंच होतं. एक वर्षाची पावती पुन्हा एक वर्षासाठी, दोन वर्षांची पुन्हा दोन वर्षांसाठी. बाईंनी काहीच लक्ष दिलं नाही, तर २०२८ मध्ये एक आणि दोन वर्षांच्या पावत्या एकत्र संपतील. २०३० मध्ये एक, दोन आणि चार वर्षांच्या तिन्ही, म्हणजे २५ पैकी १५ लाख एकाच महिन्यात. २०३२ मध्ये एक, दोन आणि तीन वर्षांच्या, पुन्हा १५ लाख. जी गर्दी टाळायला शिडी बांधली, तीच परत आली. शिवाय एक वर्षाची पायरी कायम लहान मुदतीतच अडकून पडते.

मग ती खूण काढून टाकावी का? त्यातही एक खोच आहे. नूतनीकरणाची सूचना नसेल आणि मुदत संपल्यावर पैसे तसेच पडून राहिले, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार त्या दिवसांना बचत खात्याचा दर किंवा पावतीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. म्हणजे साधारण बचत खात्याचाच. माझं मत असं की मुदत संपल्यावर रक्कम बचत खात्यात जमा होण्याची सूचना द्यावी आणि तारखांची नोंद स्वतः ठेवावी. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला तरी पुरे: पावतीचा क्रमांक, बँक, रक्कम, दर, संपण्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘पुढे पाच वर्षं’. घरातल्या दुसऱ्या कुणाला तो कागद माहीत असावा. पाचही पावत्यांची तारीख एकाच महिन्यातली ठेवली की वर्षातून एकदाच बँकेची फेरी पडते.

शिडी बिघडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे खास मुदतीच्या योजना. ४०० दिवस, ४४४ दिवस अशा मुदतींना बँका थोडा जास्त दर देतात आणि काउंटरवरचा माणूस आपुलकीने तेच सुचवतो. त्या वाईट नसतात. पण पाच वर्षांची व्हायला हवी ती पायरी ४४४ दिवसांत घातली, की सव्वा वर्षाने ती दुसऱ्या पायरीच्या आसपास येऊन मोकळी होते आणि त्या वेळच्या दराच्या हवाली होते. पाच लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला १,२५० रुपये. तेवढ्यासाठी क्रम मोडू नये असं मला वाटतं. कधी कधी बँकेचा पाच वर्षांचा दर दोन-तीन वर्षांच्या दरापेक्षा स्पष्टपणे कमी असतो. फरक अर्ध्या टक्क्याच्या वर असेल तर तीन पायऱ्यांची शिडी करावी. उत्पन्न तीन वर्षांत बदलेल, पाच नव्हे, हे ध्यानात ठेवून.

अडचणीच्या वेळी शिडीचा उपयोग वेगळा दिसतो. २५ लाखांची एकच पावती असेल आणि दवाखान्यासाठी चार लाख लागले, तर बऱ्याचदा सगळी मोडावी लागते. शिडीत एकच पायरी मोडते. पण कोणती मोडायची?

पावती मुदतीआधी मोडली की बँक ठरलेला दर देत नाही. पैसे जितके दिवस राहिले तितक्या मुदतीचा, पावती केली त्या दिवशीचा दर काढते आणि त्यातून अर्धा ते एक टक्का दंड कापते. समजा ७ टक्क्यांची पाच वर्षांची पावती चौदा महिन्यांनी मोडली. ती केली त्या दिवशी एक वर्षाचा दर साडेसहा होता, त्यातून एक गेला, उरले साडेपाच. चौदा महिन्यांत बाईंना ७ टक्क्यांनी ४०,८३३ रुपये मिळालेले असतात, साडेपाचने मिळायला हवे होते ३२,०८३. फरकाचे ८,७५० बँक मुद्दलातून वळते करून घेते. व्याज दरमहा घेणाऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि पाच लाखांऐवजी ४ लाख ९१ हजार हातात आले की ते चक्रावतात. हाच एक टक्का दंड साडेचार वर्षं जुन्या पावतीवर लागला, तर नुसत्या दंडाचेच साडेबावीस हजार होतात, कारण तो सगळ्या काळावर मोजला जातो. म्हणून जुनी, मुदत संपत आलेली पावती सहसा मोडू नये. तिच्यावर कर्ज काढावं. ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत, ठेवीच्या दराहून एखाद टक्का जास्त व्याजाने बँका ते लगेच देतात, आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. साडेचार लाख सहा महिन्यांसाठी घेतले तर खरा भुर्दंड त्या वरच्या एका टक्क्याचा, म्हणजे सव्वादोन हजारांचा. मोडायचीच वेळ आली तर सगळ्यात नवी पावती मोडावी.

कर भरण्यात शिडीने काही फरक पडत नाही. व्याज त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरावंच लागतं. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बाबतीत एका बँकेकडून वर्षात १ लाखापर्यंत व्याज असेल तर टीडीएस कापला जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न मात्र आपल्याकडे दराइतकाच महत्त्वाचा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेतल्या सगळ्या शाखांचे आणि पावत्यांचे मिळून ५ लाखांपर्यंत मिळतात, आणि त्या ५ लाखांत व्याजही आलं. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एकच लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या बँकेत पाच पावत्यांची सुरेख शिडी असती, तरी सगळ्या पायऱ्या एकाच दिवशी गोठल्या असत्या. मुदती वेगळ्या करून एकाच बँकेची जोखीम कमी होत नाही. बाईंच्या जागी मी असतो तर तीन पायऱ्या दोन मोठ्या सरकारी बँकांत ठेवल्या असत्या आणि उरलेल्या दोन दोन वेगळ्या बँकांत. नागरी सहकारी बँकेत एखाद टक्का जास्त मिळत असेल तर तिथे एकच पायरी, तीही व्याज धरून ५ लाखांच्या आत. पतसंस्थेला हा ठेव विमा लागूच नाही, मग पाटीवर दर कितीही लिहिलेला असो. ज्या पैशांवर घर चालतं त्यांची एकही पायरी तिथे नको.

पाच वर्षांच्या पलीकडे जायचं असेल तर सरकारी रोखे आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणूस किमान १० हजारांचे रोखे थेट घेऊ शकतो आणि खात्याला शुल्क नाही. रोख्याच्या नावातच त्याचा दर आणि वर्ष असतं. ‘७.१८% जीएस २०३३’ म्हणजे १०० रुपयांच्या दर्शनी किमतीवर वर्षाला ७ रुपये १८ पैसे, सहा-सहा महिन्यांनी निम्मे निम्मे, आणि २०३३ मध्ये शंभर परत. बाजारात तो शंभराहून महाग मिळत असेल तर आपला खरा परतावा ७.१८ पेक्षा कमी पडतो, कारण शेवटी परत येणार ते शंभरच. ठेवीपेक्षा इथे एक मोठा फरक आहे: मोडायची सोय नाही, विकावा लागतो. दहा वर्षांचा ७ टक्क्यांचा रोखा घेतला आणि वर्षभरात दर ८ झाले, तर त्याची किंमत ९४ च्या आसपास येते. पाच लाखांचे चार लाख सत्तर हजार. मुदतीपर्यंत धरून ठेवला तर पूर्ण रक्कम मिळते, म्हणून रोख्याची पायरी अशा पैशांचीच करावी जे मधे लागणार नाहीत. कंपन्यांचे रोखे घेणाऱ्यांनी आणखी एक ओळ वाचावी: कंपनीला मुदतीआधी पैसे परत करण्याचा हक्क आहे का. असेल तर दर उतरल्यावर ती तो वापरणार, आणि लांब मुदतीसाठी धरलेली पायरी नेमकी पडलेल्या दराच्या वेळी तुमच्या हातात परत येणार.

आता बाईंच्या त्या ३० लाखांबद्दल. ज्येष्ठ नागरिक योजना शिडीच्या आधी भरायची कारण तिचा दर सहसा बँकेच्या वर असतो. एप्रिल २०२३ मध्ये तो ८.२ टक्के झाला आणि त्याच वेळी मर्यादा १५ वरून ३० लाखांवर गेली. खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं टिकतो. पण बहुतेकांनी ते ३० लाख एकाच दिवशी भरलेले असतात, म्हणजे तीही एकच मोठी पावती. २०१९ च्या सुरुवातीला ८.७ टक्क्यांनी खातं उघडलेले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.४ ने उघडलेले शेजारी-शेजारी राहतात, आणि हा फरक केवळ तारखेचा. जास्त दर हातात असताना केवळ शिडीच्या हट्टापायी पैसे थांबवून ठेवावेत असं मी म्हणणार नाही. योजनेचं खातं ज्या वर्षी संपणार ते वर्ष बँकेच्या पावत्यांच्या कागदावर लिहावं, आणि मुदत संपल्यावर खातं पुढच्या तीन वर्षांसाठी वाढवायचं की बंद करून नवं उघडायचं हे तेव्हाचा दर पाहून ठरवावं. बाईंचं खातं २०२८ मध्ये संपतं. त्याच जूनमध्ये त्यांची दुसरी पावतीही मोकळी होणार, एकूण ३५ लाख एकाच उन्हाळ्यात. म्हणून सुरुवातीला दोन वर्षांची पायरी करायचीच नाही, ते पाच लाख सहा वर्षांच्या पावतीत घालायचे. २०३२ मध्ये ती पहिल्या पायरीबरोबरच संपेल, पण तेव्हा त्या दोन पावत्यांचे मिळून दहा लाखच मोकळे होतील.